वकिलाची कॅप्शन आणि सल्लागाराची कॅप्शन

इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर चित्राखाली जो मजकूर असतो, त्याला मराठीतही आता कॅप्शनच म्हणतात. मिठाईच्या दुकानाने ती कशी लिहावी याला फारसे बंधन नाही. वकिलाच्या आणि गुंतवणूक सल्लागाराच्या बाबतीत मात्र शब्द निवडण्याच्या आधीच कायदा आडवा येतो. भारतात वकिलाला लोकांकडे काम मागता येत नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला जाहिरात करता येते, पण परताव्याचे आश्वासन देता येत नाही. थोडक्यात, एकाला बोलावणे करायला मनाई आहे आणि दुसऱ्याला हमी द्यायला. या दोघांच्या कॅप्शन वरवर सारख्या दिसल्या तरी त्या बिघडतात वेगवेगळ्या ठिकाणी. जिव्हाळ्याने लिहायला बसलेला माणूस नेमका याच दोन ठिकाणी घसरतो, कारण बोलावणे आणि दिलासा हेच जिव्हाळ्याचे सर्वांत सोपे मार्ग वाटतात.

वकिलांवरचे बंधन जुने आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चा. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले, त्यातला ३६ वा नियम सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये. परिपत्रक काढून नाही, जाहिरात देऊन नाही, दलालामार्फत नाही, आणि आपण चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात स्वतःचे फोटो छापून आणूनही नाही. नावाची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. हा नियम किती गांभीर्याने घेतला जातो हे दाखवणारा खटला मुंबईचाच आहे. फौजदारी न्यायालयाच्या दारात उभे राहून, येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालून आणि एकमेकांपेक्षा कमी फी सांगून कामे मिळवणाऱ्या काही वकिलांविरुद्ध महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने कारवाई केली होती. ते प्रकरण दाभोलकर खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिली हा बाजारातला व्यापार नव्हे असे बजावले. फोनच्या पडद्यावरची ‘आजच कॉल करा’ ही ओळ म्हणजे न्यायालयाच्या दारातली तीच ओढाताण, फक्त हाताला धरण्याऐवजी बटण दाबायला लावणारी.

२००८ मध्ये नियमाला थोडी वाट करून दिली गेली. वकिलाला स्वतःची वेबसाइट ठेवण्याची मुभा मिळाली, पण तिच्यावर काय असावे तेही ठरवून दिले: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या बार कौन्सिलची सनद, शिक्षण, आणि कोणत्या प्रकारची कामे पाहतो ते. ‘सर्वांत अनुभवी’, ‘यशस्वी’, ‘नामांकित’ यांना त्या यादीत जागा नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना ऑनलाइन गुणांकन देऊन त्यांची सेवा विकणाऱ्या संकेतस्थळांवर बोट ठेवले आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरच्या, नटनट्यांना घेऊन केलेल्या वकिली जाहिरातींविरुद्ध पुन्हा ताकीद दिली. मग वकिलाने कॅप्शन लिहूच नये का? लिहावी. कायद्याची सर्वसाधारण माहिती लोकांना सांगणे म्हणजे काम मागणे नव्हे. वर्तमानपत्रात कायद्याचे सदर चालवणारे वकील पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत. रेषा ओलांडली जाते ती माहितीच्या शेवटी हात पुढे केला की.

सल्लागाराची गोष्ट निराळी. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांसाठीचे विनियम २०१३ चे आहेत आणि एप्रिल २०२३ मध्ये सेबीने त्यांच्यासाठी जाहिरातीची स्वतंत्र आचारसंहिता काढली. समाजमाध्यमांवरचा मजकूरही तिच्यात जाहिरातच धरला जातो. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि बाजारातल्या जोखमीबद्दलचा ठरावीक इशारा द्यावा लागतो, आणि त्या इशाऱ्यातला एकही शब्द वाढवता किंवा गाळता येत नाही. खात्रीच्या किंवा जोखीममुक्त परताव्याचे वचन चालत नाही. ‘नंबर वन’, ‘सर्वोत्तम’ चालत नाही. आणि याच संहितेत एक कलम असे आहे की ते वाचून कॅप्शन लिहिणाऱ्याने थबकावे: तांत्रिक किंवा कायदेशीर शब्दांचा भडिमार, किचकट भाषा आणि गुंतवणूकदाराचे लक्ष विचलित करणारा अतिरेकी तपशील हेही जाहिरातीत वर्ज्य आहे. सोपे लिहिणे ही या व्यवसायात केवळ शैलीची हौस उरलेली नाही.

पण सोपे म्हणजे काय, हे मराठीत वाटते तितके उघड नाही. मराठीतला जड शब्द दोन दिशांनी येतो. एक इंग्रजीतून: ‘पोर्टफोलिओ रिबॅलन्सिंग’, ‘अ‍ॅसेट अलोकेशन’, ‘प्रोबेट’. दुसरा शासकीय मराठीतून: ‘नामनिर्देशित व्यक्ती’, ‘जंगम मिळकत’, ‘अधिप्रमाणित प्रत’. पहिला टाळण्यासाठी दुसऱ्याकडे धावणारे लेखक पुष्कळ असतात, आणि त्यांना वाटते की मराठी झाले म्हणजे सोपे झाले. प्रत्यक्षात ‘नॉमिनी’ हा शब्द बँकेत खाते उघडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, ‘नामनिर्देशित व्यक्ती’ हा फॉर्मवर वाचूनही कुणी उच्चारत नाही. उलट ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘खरेदीखत’, ‘हक्कसोड’, ‘बक्षीसपत्र’ हे शब्द अगदी काटेकोर कायद्याचे आहेत आणि तरीही तलाठ्याच्या दारात बसलेल्या माणसाच्या तोंडी रोज असतात. म्हणून शब्द तांत्रिक आहे की नाही, हा प्रश्नच चुकीचा. वाचकाला तो शब्द कुठल्या खिडकीवर, कुठल्या कागदावर भेटतो ते पाहावे. भेटत असेल तर जसाच्या तसा ठेवावा, कारण उद्या त्या खिडकीवर त्याला तोच शब्द वापरायचा आहे. भेटत नसेल तर त्या शब्दामागची घटना सांगावी. ‘पोर्टफोलिओ रिबॅलन्सिंग’ऐवजी ‘शेअर वाढल्यामुळे ठेवींपेक्षा शेअरमध्ये जास्त पैसे झाले, ते वर्षातून एकदा पुन्हा ठरवलेल्या प्रमाणात आणणे’ असे लिहिले की ओळ लांबते, पण कळते.

आता एक कॅप्शन पूर्ण उलगडून पाहू. समजा, पुण्यातल्या एका वकिली कार्यालयाला नॉमिनी या विषयावर लिहायचे आहे. पहिला मसुदा साधारण असा येतो:

“नामनिर्देशित व्यक्ती ही मालमत्तेची विश्वस्त असून तिला मालकी हक्क प्राप्त होत नाही, हे न्यायनिर्णयांद्वारे प्रस्थापित झाले आहे. वारसाहक्काच्या वादात आपले कुटुंब उद्ध्वस्त होण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्या. २५ वर्षांचा यशस्वी अनुभव. आजच संपर्क साधा.”

यात पहिले वाक्य कुणासाठी आहे ते कळत नाही. वकिलाला ते माहीत आहे आणि इतरांना ते समजणार नाही. दुसरे वाक्य भीती घालते. तिसरे स्वतःची फुशारकी आहे आणि चौथे सरळ काम मागणे. चारांपैकी शेवटची दोन वाक्ये नियमाने अडतात आणि दुसरे अडता अडता राहते. पण खरा दोष पहिल्यातच आहे, आणि तो भाषेचा नाही. ‘मालमत्ता’ असे सरसकट म्हटल्यामुळे ते वाक्य अर्धवट झाले आहे. बँकेच्या ठेवी आणि शेअर यांच्याबाबत नॉमिनी मालक होत नाही, हे बरोबर. शेअरविषयी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका कुटुंबाच्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये तसेच सांगितले. आयुर्विम्याचे मात्र २०१५ मध्ये बदलले. विमा कायद्याच्या ३९ व्या कलमात दुरुस्ती होऊन आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी मिळते अशी तरतूद आली. म्हणजे जड भाषेच्या आड अपुरी माहिती लपली होती. असे फार वेळा होते. वाक्य घरगुती भाषेत उतरवायला घेतले की ‘कुठली मालमत्ता?’ हा प्रश्न आपोआप पडतो. शासकीय मराठीत तो पडतच नाही.

दुसरा मसुदा असा होऊ शकतो:

“बाबांच्या बँक खात्याला मोठा मुलगा नॉमिनी आहे. बाबा गेले. खात्यातले पैसे कोणाचे?

बँक ते मोठ्या मुलाच्या हाती देईल. पण तेवढ्याने ते त्याच्या एकट्याचे होत नाहीत. बाबांनी मृत्युपत्र केलं असेल तर त्यात लिहिल्याप्रमाणे, नसेल तर त्या कुटुंबाला लागू असलेल्या वारसा कायद्याप्रमाणे ते वाटले जातात. आईचा आणि बहिणीचाही त्यात हक्क असू शकतो.

आयुर्विम्याचा नियम वेगळा आहे. तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ पासून ती रक्कम सहसा त्यांचीच होते.

ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्येक घरातले कागद वेगळे असतात.”

हा मजकूर जवळचा वाटतो तो ‘मित्रांनो’ म्हटल्यामुळे नाही. तो जवळचा वाटतो कारण पहिल्याच ओळीत एक घर दिसते, आणि त्या घरातला प्रश्न वाचकाने कधीतरी स्वतः ऐकलेला असतो. ‘बाबा गेले’ हे शब्द वकिलाच्या दफ्तरी ‘मयत’ होतात. कॅप्शनमध्ये त्यांनी घरचेच राहावे. व्यावसायिकपणा दिसतो तो विम्याच्या परिच्छेदात, जिथे लेखक स्वतःहून अपवाद सांगतो. विषय माहीत असलेल्या माणसाची खूण हीच की नियम कुठे संपतो ते त्याला ठाऊक असते.

‘असू शकतो’ आणि ‘सहसा’ या दोन शब्दांकडे वेगळे पाहायला हवे, कारण कॅप्शन गुळगुळीत करणारा लेखक नेमके हेच आधी खोडतो. ‘हक्क असू शकतो’ म्हणण्याचे कारण असे, की हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखा वाटा मिळतो, पण मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबात वाटण्या वेगळ्या होतात, आणि मृत्युपत्र असेल तर सगळेच बदलते. ‘सहसा’ आहे कारण २०१५ च्या दुरुस्तीचा नेमका अर्थ हा न्यायालयांत अजून वादाचा विषय आहे. हे शब्द बचावासाठी घातलेले नाहीत, ते माहितीचाच भाग आहेत. याउलट प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘परिस्थितीनुसार बदल संभवतो’ असे शेपूट जोडले तर वाचकाला काहीच सांगितल्यासारखे होत नाही. फरक ओळखायची साधी रीत आहे: त्या शंकेच्या शब्दावर बोट ठेवून ‘का?’ विचारावे. लिहिणाऱ्याला एका वाक्यात उत्तर देता आले तर शब्द ठेवावा, नाहीतर काढावा.

शेवटी फोन नंबर नाही, हेही लक्षात यावे. नाव आणि सनद प्रोफाइलवर आहे; ज्याला शोधायचे तो शोधतो. अनेक तरुण वकिलांना हे जुनाट वाटते, आणि इतर काही देशांत वकिलांना जाहिरातीची मोकळीक आहे हे खरेच. पण तिथल्या लॉ फर्मची कॅप्शन उचलून मराठीत उतरवणे म्हणजे इथल्या नियमाचा भंग उतरवून घेणे. ‘जिंकलो तरच फी’ ही अमेरिकेतल्या अपघाताच्या दाव्यांमध्ये रुळलेली ओळ इथे दुहेरी चुकते: ती काम मागते, आणि निकालावर फी ठरवायलाही बार कौन्सिलचे नियम मनाई करतात.

सल्लागाराच्या कॅप्शनमध्ये चूक बहुधा आकड्यात असते. सगळीकडे दिसणारा नमुना असा: “महिन्याला फक्त १०,००० रुपये, आणि २० वर्षांत कोट्यधीश! हमखास.” हमखास हा शब्द काढला तरी आकडा तसाच बोलत राहतो. तो येतो कुठून? वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का परतावा धरला आणि दर महिन्याच्या सुरुवातीला पैसे भरले, तर २४० हप्त्यांनंतर सुमारे ९९ लाख ९० हजार होतात. हिशेब बरोबर आहे. मात्र त्यात दोन गोष्टी न सांगता गृहीत धरल्या आहेत. पहिली, परतावा १२ टक्केच मिळेल. तो ८ टक्के मिळाला तर तीच रक्कम साधारण ५९ लाखांवर थांबते. दुसरी, वीस वर्षांनंतरचा एक कोट आजच्या एका कोटासारखाच असेल. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर त्या कोटाची किंमत आजच्या सुमारे ३१ लाखांइतकी उरते. वाचकाने स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे २४ लाख आहेत, हे वाक्य मूळ कॅप्शनमध्ये नव्हतेच. म्हणजे खोटे वचन देण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. खरा गुणाकार निवडून दाखवला तरी पुरते. म्हणूनच सेबीची संहिता गृहीतकांवर आणि अंदाजांवर उभी असलेली विधानेही नाकारते. चांदणी काढून तळाशी बारीक अक्षरात ‘१२ टक्के गृहीत’ असे लिहिले, तर फार तर लेखकाच्या मनाचे समाधान होते.

मग परताव्याचा आकडा नाही म्हणताना सांगायचे काय? इथे बहुतेक सल्लागार अडखळतात, कारण आकडा काढला की कॅप्शन रिकामी वाटते. पण सल्लागार परतावा विकत नसतोच. तो स्वतःचे काम विकतो, आणि त्या कामाचे वचन देता येते. बाजाराचे फळ कुणाच्याच हातात नाही. पहिल्या भेटीत काय होईल हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. त्या जाणिवेने लिहिलेली कॅप्शन अशी असू शकते:

“निवृत्तीसाठी किती पैसे लागतील? ते तुमच्या घरखर्चावर ठरतं, शेजाऱ्यांच्या नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी कागदावर लिहा: आज घर चालवायला महिन्याला किती लागतात, कुठलं कर्ज अजून किती वर्षं आहे, आणि पगार थांबायला किती वर्षं उरली आहेत.

हा कागद घेऊन आलात तर पहिल्या भेटीत आपण हिशेब मांडू. पैसे कुठे ठेवायचे हे त्यानंतर. बाजार वर जाईल की खाली, हे आम्हाला सांगता येत नाही. आमची फी तुम्ही देता. कुठल्याही फंडाकडून आम्ही कमिशन घेत नाही.”

याखाली पूर्ण नाव, पत्ता, सेबीचा नोंदणी क्रमांक आणि ठरावीक इशारा. इथे बोलावणे आहे, कारण सल्लागाराला ते करता येते. कमिशनचे वाक्य व्यक्ती म्हणून नोंदणी असलेल्या सल्लागाराला खुशाल लिहिता येते, कारण तो आपल्या अशिलांना योजना विकून कमिशन घेऊच शकत नाही. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला हेच वाक्य लिहिता येणार नाही. त्याची कमाई फंड घराण्याकडून येणाऱ्या कमिशनची असते आणि २०२० पासून त्याला स्वतःच्या नावात ‘सल्लागार’ लावायलाही बंदी आहे. वाचकाच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा, आणि प्रामाणिक वितरकाने तोही साधेपणाने सांगावा: “आम्ही वितरक आहोत, आमचं कमिशन फंड कंपनी देते.” हे कबूल केल्याने गिऱ्हाईक पळते असा समज आहे. ज्याला हा फरक कळतो तो गिऱ्हाईक उलट टिकतो, असे मानायला जागा आहे.

संबोधनाबद्दल थोडे. ‘तुम्ही’ बहुतेक ठिकाणी बरोबर बसते. ‘आपण’ लिहिले की मजकूर निमंत्रणपत्रिकेच्या वाटेने जातो, आणि ‘दोस्तांनो’, ‘भावांनो’ म्हटले की रील करणाऱ्या पोराचा सूर येतो. ज्याच्या हाती आयुष्यभराची पुंजी द्यायची त्याच्या तोंडी तो शोभत नाही. एखादी विनोदी ओळ चालते. घटस्फोट, वारसा किंवा कर्जबुडीच्या विषयावर ती चालत नाही, कारण वाचणारा कदाचित त्याच आठवड्यात त्यातून जात असतो.

मजकूर किती दिसतो हेही भाषेइतकेच महत्त्वाचे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण पडद्यावर सुरुवातीची साधारण सव्वाशे अक्षरेच दिसतात. बाकीची दाबल्यावर उघडतात. पुष्कळ लोक दाबत नाहीत. त्यामुळे पहिल्या दोन ओळींत दावा आणि शेवटच्या ओळीत अट, अशी रचना कागदावर प्रामाणिक असली तरी पडद्यावर फसवी ठरते. अट दाव्याच्या शेजारी हवी, किंवा पहिल्या ओळीत दावाच नको. वरच्या दोन्ही नमुन्यांत पहिली ओळ प्रश्नाची आहे ती याच कारणासाठी. प्रश्नाला अट लागत नाही. मात्र हीही युक्ती वाईट हातात पडते: ‘तुमचे पैसे बुडत तर नाहीत ना?’ हा प्रश्न नव्हे, भीतीच आहे, फक्त प्रश्नचिन्ह लावलेली.

सर्वांत अवघड मोह म्हणजे यशाची गोष्ट. ‘आमच्या एका अशिलाला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं, आज न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला’ अशी कॅप्शन मनाला भिडते आणि म्हणूनच लिहावीशी वाटते. वकिलाला ती तीन कारणांनी नको. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर जाते. खटल्याच्या आधारे स्वतःची प्रसिद्धी होते. आणि वाचक मनात म्हणतो की मग माझाही निकाल असाच लागेल. नाव गाळले म्हणून भागत नाही. तालुक्याच्या गावी तीन तपशिलांवरून घर ओळखतात, कधी दोनांवरूनही. सल्लागारांच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या कौतुकाचे स्क्रीनशॉट हा याचाच दुसरा प्रकार, आणि मागचा परतावा मिरवण्याचा तो आडमार्ग आहे. गोष्ट हवीच असेल तर ती बनवलेली असावी आणि बनवलेली आहे हे दिसावे. बाबांचे बँक खाते हे तसेच उदाहरण आहे; ते कुणाचेच नाही, म्हणून कुणाचेही असू शकते.

कॅप्शन जमली की नाही, ते तिच्याखालच्या प्रतिक्रियांतून कळते, पण किती आवडली यावरून नव्हे. नॉमिनीच्या मजकुराखाली “मग सोसायटीतल्या फ्लॅटचं कसं?” असा प्रश्न आला तर वाचकाला मुद्दा समजला आणि तो एक पाऊल पुढे गेला. “म्हणजे नॉमिनी करायचाच नाही का?” असे कुणी विचारले तर मजकूर चुकला, नॉमिनी असल्यामुळे पैसे बँकेत अडकून राहत नाहीत, हे त्यात सांगायचे राहिले, आणि ते वाक्य मुळात घालायला हवे. “सर, एक कोट किती वर्षांत?” असे सल्लागाराला विचारले गेले तर आकडा नसतानाही वचनाचा वास कुठून तरी येतो आहे, बहुधा चित्रातून, जिथे नोटांचे झाड किंवा चढती रेघ काढलेली असते. चित्रही कॅप्शनच्याच नियमात येते, हे तेव्हा आठवते. प्रतिक्रियांना उत्तर देताना मात्र वैयक्तिक सल्ला देणे टाळावे. चार ओळींच्या प्रश्नावर चार ओळींत मत देणे म्हणजे कागद न पाहता मत देणे. तिथे नियम पुन्हा सांगावा आणि कुठला कागद पाहायला हवा ते सांगावे. ‘तुमच्या सोसायटीकडे दिलेला नॉमिनेशनचा फॉर्म आणि मृत्युपत्र, हे दोन्ही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे उत्तर नकार वाटत नाही, कारण त्यातूनही विचारणाऱ्याच्या हाती काहीतरी लागते.

आणि तारीख घालावी. सेबीच्या संहितेप्रमाणे सल्लागाराला आपल्या जाहिरातींच्या प्रती पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात, पण वाचकासमोर जुना मजकूर किती दिवस फिरत राहावा याचा विचार ती करत नाही. समाजमाध्यमांवर जुनी पोस्ट आज लिहिल्यासारखीच समोर येते. ‘बँक खात्याला एकच नॉमिनी ठेवता येतो’ हे वाक्य अनेक वर्षे बरोबर होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात, त्यांचे वाटेही ठरवून देता येतात. तेव्हाची ती कॅप्शन लिहिणाऱ्याने काही चूक केली नव्हती. तरी आज ती वाचून कुणी मुलगी बँकेत जाऊन भावाऐवजी आईचे नाव लावते, एकाच्या जागी दोघांचे लावता आले असते हे तिला कळतच नाही. अशा पोस्टच्या पहिल्या ओळीतच ‘हा नियम बदलला आहे’ असे लिहावे, किंवा ती काढून टाकावी. खाली प्रतिक्रियेत टाकलेली दुरुस्ती कुणाच्या नजरेस पडत नाही.